मशीन चालवता येते, म्हणजे नेमके काय?

‘सर्व प्रकारची ऑटोमॅटिक मशीन हाताळण्याचा अनुभव. एनएबीएल सर्टिफाइड. सॅम्पल कलेक्शन व प्रोसेसिंगचे ज्ञान.’ मेडिकल लॅब टेक्निशियनच्या बायोडाट्यात या तीन ओळी हमखास असतात. मी जिल्ह्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅब चालवते. जागा भरायची आहे असे कळले की व्हॉट्सअॅपवर बायोडाटे येऊ लागतात, आणि त्यातले बरेचसे एकाच साच्यातून काढल्यासारखे असतात. दोष त्या मुलामुलींचा नाही. डीएमएलटीच्या वर्गात बायोडाटा लिहायला कोणी शिकवत नाही. सायबर कॅफेत मिळालेला नमुना वर्षानुवर्षे हातोहात फिरत राहतो. पण याच कागदावरून आम्हाला माणूस निवडायचा असतो, आणि तो माणूस रात्रपाळीला एकटा बसून तुमच्या वडिलांच्या रक्तातले पोटॅशियम मोजणार असतो. म्हणून या तीन ओळी उलगडून कशा वाचायच्या, ते सांगते.

दोन बायोडाटे समोर ठेवू. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पहिला उमेदवार डीएमएलटी झालेला, चार वर्षांचा अनुभव, त्यातली शेवटची दोन वर्षे मोठ्या शहरातल्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये. त्याच्या कागदावर मशीनची नावे आठ ओळी भरून: फाइव्ह पार्ट सेल काउंटर, फुली ऑटो अॅनालायझर, इम्युनोअॅसे, इलेक्ट्रोलाइट अॅनालायझर, एचबीएवनसीचे एचपीएलसी. दुसरी उमेदवार एका तालुक्याच्या ठिकाणी ट्रस्टच्या रुग्णालयात तीन वर्षे काम करणारी. तिच्याकडे फक्त थ्री पार्ट सेल काउंटर आणि सेमी ऑटो अॅनालायझर. एनएबीएलचा उल्लेख नाही. मात्र खाली एक ओळ होती: ‘सॅम्पल रिजेक्शन रजिस्टर ठेवत होते, वॉर्डमधून गोठलेल्या ट्यूब येण्याचे प्रमाण कमी व्हावे म्हणून नर्सना ट्यूब हलवण्याची पद्धत दाखवली.’

शिक्षण आणि नोंदणी आधी उरकून घ्यावी. डीएमएलटी किंवा बीएस्सी एमएलटी कुठल्या संस्थेचे आहे, महाराष्ट्र परावैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, हे कागदावरच तपासता येते. एक शब्द मात्र इथेच खटकायला हवा. कोणी ‘स्वतंत्रपणे रिपोर्टिंग’ असे लिहिले असेल तर विचारावे, सही कोणाची होती? पॅथॉलॉजीच्या अहवालावर त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. टेक्निशियनने तपासणी करावी, आकडा बरोबर आहे का ते पडताळावे. अहवालाची जबाबदारी डॉक्टरची.

आता मशीनकडे येऊ. सेल काउंटर हे यंत्र जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधले थोडेसे रक्त ओढून घेते आणि मिनिटाभरात हिमोग्लोबिन, लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट मोजून देते. थ्री पार्ट यंत्र पांढऱ्या पेशींचे तीन गट पाडते, फाइव्ह पार्ट पाचही प्रकार वेगळे दाखवते. ट्यूब लावून बटण दाबणे हे काम कोणीही दोन दिवसांत शिकेल. त्यामुळे ‘फाइव्ह पार्ट हाताळले’ या शब्दांवरून मला काहीच कळत नाही. मला जाणून घ्यायचे असते की सकाळी यंत्र सुरू केल्यापासून पहिल्या रुग्णाची ट्यूब लागेपर्यंत हा माणूस काय करतो.

खऱ्या अनुभवी माणसाचे उत्तर सरळ येते. आधी यंत्राला रिकामा द्रव मोजायला लावायचा, म्हणजे आत आदल्या दिवशीचे काही अडकलेले नाही ना ते दिसते. मग कंट्रोलच्या बाटल्या फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायच्या, हळुवार उलटसुलट करून मिसळायच्या, आणि कमी, मध्यम, जास्त अशा पातळ्यांचे आकडे ठरलेल्या मर्यादेत येतात का ते पाहायचे. ते आले तरच रुग्णांचे नमुने. पहिल्या उमेदवाराने उत्तर दिले, ‘मॅडम, रोज सकाळी कॅलिब्रेशन करायचो.’

हे ऐकले की मी थांबते. कॅलिब्रेशन आणि कंट्रोल ही दोन वेगळी कामे आहेत. भाजीवाल्याचा काटा वजनमापवाल्या अधिकाऱ्याकडे नेऊन जुळवून आणणे म्हणजे कॅलिब्रेशन. त्या जुळवलेल्या काट्यावर रोज सकाळी एक किलोचे माप ठेवून तो एक किलोच दाखवतो ना, हे बघणे म्हणजे कंट्रोल. सेल काउंटरचे कॅलिब्रेशन रोज होत नाही. ते ठरावीक महिन्यांनी किंवा मोठ्या दुरुस्तीनंतर होते, आणि सहसा कंपनीचा इंजिनिअर येऊन करतो. बायोकेमिस्ट्रीच्या यंत्रावर मात्र रिएजंटचा नवा लॉट आला की टेक्निशियन स्वतः कॅलिब्रेशन लावतो. म्हणजे ‘कॅलिब्रेशनचा अनुभव’ या दोन शब्दांचा अर्थ यंत्रागणिक बदलतो, आणि उमेदवाराला तो फरक माहीत आहे का, हे एका प्रश्नात समजते. नुसता शब्द चुकला असेल तर माफ आहे. अनेक लॅबमध्ये कंट्रोललाच बोलताना कॅलिब्रेशन म्हणतात. म्हणून पुढचा प्रश्न शब्द टाळून विचारायचा: बाटलीवर काय लिहिलेले असायचे, त्या आकड्याचे काय करायचास?

यंत्राची खरी परीक्षा यंत्र चुकते तिथे असते. पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत आमच्याकडे रोज प्लेटलेटचे नमुने येतात. समजा, हिंडत्याफिरत्या, ताप नसलेल्या बाईंचा अहवाल आला, प्लेटलेट ३२,०००. आकडा तसाच गेला तर घरचे लोक रात्री रक्तपेढीच्या दारात उभे राहतील. इथे टेक्निशियनने काय करायचे? आधी ट्यूबमध्ये काडी फिरवून गुठळी आहे का बघायचे. नसेल तर काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. काही माणसांच्या रक्तात जांभळ्या ट्यूबमधल्या ईडीटीए या रसायनामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटून घोळके करतात. यंत्राला तो घोळका एक मोठी पेशी वाटतो किंवा मोजताच येत नाही, आणि प्लेटलेट कमी दिसतात. काचपट्टीच्या शेवटच्या विरळ टोकाला ते घोळके स्पष्ट दिसतात. मग फिकट निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये नव्याने रक्त घेऊन मोजायचे, आणि त्या ट्यूबमधल्या द्रवाने रक्त थोडे पातळ होते म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचे. सायट्रेटमध्येही घोळके दिसले, तर काचपट्टीवरून अंदाज करून डॉक्टरला सांगायचे.

हा प्रसंग मी दोघांनाही विचारला. पहिला म्हणाला, ‘फ्लॅग आला की आमच्याकडे रिरन करायचे. तरी आला तर सीनियरकडे द्यायचो.’ हे उत्तर खोटे नाही. मोठ्या लॅबमध्ये दिवसाला शेकडो नमुने पट्ट्यावरून जातात आणि काचपट्टी बघणारा माणूस वेगळा असतो. पण त्यातून समजले की त्याच्या आठ ओळींतले फाइव्ह पार्ट म्हणजे नमुने लावणे आणि रिरन करणे, एवढेच. दुसरीने काचपट्टीचे सांगितले, सायट्रेटचे सांगितले, १.१ चा गुणाकार तिला आठवला नाही. आकडा भिंतीवर लिहून ठेवता येतो. काचपट्टी काढायला हवी, हे त्या क्षणी सुचणे मी शिकवू शकत नाही.

म्हणून बायोडाट्यात मशीनच्या नावापुढे मला तीन गोष्टी हव्या असतात: मॉडेल कोणते, दिवसाला साधारण किती नमुने, आणि त्यातले माझे काम कोणते. ‘सर्व प्रकारची मशीन’ असे लिहिणाऱ्यापेक्षा ‘एक सेमी ऑटो, दिवसाला ४० नमुने, रिएजंट बनवण्यापासून आकडा नोंदवण्यापर्यंत एकटी’ असे लिहिणारी मला जास्त सांगते. सेमी ऑटोवर काम केलेल्यांना पिपेटचा हात असतो. सीरम किती, रिएजंट किती, किती मिनिटे थांबायचे, हे त्यांनी स्वतः केलेले असते. फुली ऑटो यंत्राने चुकीचा आकडा दिला, तर चूक कुठे झाली असेल याची त्यांना अटकळ येते.

दुसरी ओळ, ‘एनएबीएल सर्टिफाइड’. एनएबीएल हे भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अखत्यारीतले मंडळ आहे आणि वैद्यकीय लॅबना ते आयएसओ १५१८९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मान्यता देते. या मानकाची ताजी आवृत्ती २०२२ ची. मान्यता मिळते ती लॅबला. माणसाला मिळत नाही. आणि लॅबलाही सरसकट मिळत नाही. कोणत्या तपासण्यांसाठी ती आहे, याची यादी प्रमाणपत्राबरोबर असते, तिला स्कोप म्हणतात. एकाच लॅबमध्ये साखर आणि क्रिएटिनिन स्कोपमध्ये आणि एखादे हार्मोन स्कोपबाहेर, असे सहज असू शकते. माणसाजवळ फार तर त्या मानकावरच्या प्रशिक्षणाचे किंवा अंतर्गत ऑडिटरच्या कोर्सचे प्रमाणपत्र असेल. तेव्हा ‘एनएबीएल सर्टिफाइड टेक्निशियन’ असे कोणी नसतेच. ‘एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री विभागात दोन वर्षे’ हे बरोबर लिहिणे झाले.

पण त्या लॅबमधल्या दोन वर्षांचा माणसावर काही संस्कार झाला असेल, तर तो शोधायचा कुठे? मानक माणसाविषयी काही मागते: प्रत्येकाला त्याच्या कामाचे प्रशिक्षण दिल्याची नोंद, त्याची क्षमता पुन्हा पुन्हा तपासल्याची नोंद, आणि कोणत्या यंत्रावर कोणते काम करायला त्याला अधिकृत केले आहे त्याचा कागद. म्हणून मी विचारते, ‘तुमची शेवटची क्षमता चाचणी कशी घेतली होती?’ जो त्यातून गेला आहे त्याला आठवते: जुना नमुना नाव झाकून पुन्हा मोजायला दिला होता, किंवा सीनियर शेजारी उभा राहून यादीवर टिका करत होता. ‘असेसर आले तेव्हा तुम्हाला काय विचारले?’ यालाही लगेच उत्तर येते. फ्रिजच्या तापमानाच्या वहीत महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दिवशी भरलेल्या दिसल्या म्हणून झालेली फजिती ज्याने पाहिली आहे, तो ते विसरत नाही.

याच ओळीतला सर्वांत उपयोगी प्रश्न कंट्रोलचा आहे. साखरेच्या कंट्रोलची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन ३ आहे असे धरू. म्हणजे यंत्र ठीक असताना बहुतेक दिवशी आकडा ९४ ते १०६ मध्ये पडेल. रोजचा आकडा एका आलेखावर टिंबाने मांडतात, लीव्ही आणि जेनिंग्ज या दोघांच्या नावाने तो ओळखला जातो. आज आकडा १०७ आला. काय कराल? पहिला उमेदवार म्हणाला, ‘परत लावतो मॅडम, आत येतो.’

इथे बारकाईने बघायला हवे, कारण हे उत्तर महाराष्ट्रातल्या निम्म्याअधिक लॅबमध्ये मिळेल, अशी माझी भीती आहे. यंत्र अगदी ठीक असतानाही साधारण २० पैकी एका वेळी आकडा या दोन विचलनांच्या बाहेर जातो. तो निव्वळ योगायोग. म्हणून एकट्या १०७ ला इशारा समजायचे आणि आधीचे दिवस बघायचे. काल ९८, परवा १०१ असेल तर बिघाड झालेला असेलच असे नाही. पण कालही १०७ च असेल, तर सलग दोनदा एकाच बाजूला बाहेर, आणि हा योगायोग नाही. जेम्स वेस्टगार्ड यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या नियमांत हा ‘दोन-दोन’चा नियम आहे. यंत्र किंवा रिएजंट एका दिशेला सरकले आहे असा त्याचा अर्थ. मग रुग्णांचे अहवाल थांबवायचे, रिएजंटची तारीख आणि लॉट पाहायचा, कंट्रोलची नवी बाटली उघडून खात्री करायची, गरज पडल्यास कॅलिब्रेशन लावायचे, आणि शेवटी, जे सगळेच विसरतात, कालपासून गेलेल्या रुग्णांचे काही नमुने पुन्हा मोजून बघायचे. आकडा आत येईपर्यंत कंट्रोल लावत बसणे म्हणजे योगायोगाची वाट बघणे. सरकलेल्या यंत्रावरही चौथ्या वेळी १०५ येईलच.

ट्रस्टच्या रुग्णालयातली उमेदवार इथे अडली. त्यांच्याकडे कंट्रोल आठवड्यातून एकदाच लागायचा, आलेख काढत नसत. तिने ते तसेच सांगितले. बाहेरच्या तुलना चाचणीचीही तीच गत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्था सभासद लॅबना अज्ञात नमुने पाठवतात आणि आलेले आकडे इतर लॅबच्या आकड्यांशी ताडून दाखवतात. हा प्रकार तिने फक्त ऐकला होता. पहिल्याने तो केला होता, आणि विचारल्यावर प्रांजळपणे म्हणाला, की तो नमुना ते रुग्णाच्या नमुन्यासारखा एकदाच लावत नसत, तीनदा लावून मधला आकडा पाठवत. मान्यतेच्या वातावरणात दोन वर्षे काढूनही कशासाठी ते कळलेले नव्हते. मानकाची ओळ बायोडाट्यात असणे आणि मानक हाताला लागलेले असणे यातले अंतर ते हेच.

आता तिसरी ओळ, ‘सॅम्पल कलेक्शन व प्रोसेसिंग’. बायोडाट्यात ती सर्वांत खाली आणि सर्वांत लहान असते. माझ्या मते ती सर्वांत वर हवी. इटलीतल्या पादुआ येथे प्लेबानी आणि काररारो यांनी एका रुग्णालयाच्या लॅबमधल्या चुका मोजल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांना आढळलेल्या चुकांपैकी सुमारे ६८ टक्के नमुना यंत्रात जाण्याआधीच्या होत्या. प्रत्यक्ष मोजणीतल्या होत्या सुमारे १३ टक्के. चुकीच्या ट्यूबमध्ये घेतलेले, चुकीच्या नावाने आलेले किंवा उन्हात पडून राहिलेले रक्त कितीही भारी यंत्रात घातले, तरी ते तो बिघडलेला आकडाच अचूक मोजून देते.

या ओळीसाठी मी एक अहवाल कागदावर लिहून समोर ठेवते. साठीचे गृहस्थ, स्वतः चालत आलेले. पोटॅशियम ७.८, जिथे साधारण ३.५ ते ५.१ असायला हवे. कॅल्शियम ५.९, जिथे ८.५ च्या वर हवे. अल्कलाइन फॉस्फेटेज १४, म्हणजे फारच कमी. सीरम स्वच्छ पिवळसर, लाली नाही. काय झाले असेल?

पोटॅशियम ७.८ हा खरा असेल तर जिवाला धोका आहे. हृदयाचे ठोके केव्हाही बिघडू शकतात, डॉक्टरला ताबडतोब फोन करावा लागतो. पण सोबतच्या दोन आकड्यांकडे पाहा. जांभळ्या ट्यूबमधले ईडीटीए हे पोटॅशियमचाच क्षार असते आणि ते कॅल्शियमला घट्ट धरून ठेवते. रक्त गोठू न देण्याचे त्याचे काम याच गुणावर चालते. अल्कलाइन फॉस्फेटेज या विकराला काम करायला जस्त आणि मॅग्नेशियम लागते, तेही ईडीटीए पळवते. म्हणजे पोटॅशियम वर, कॅल्शियम आणि फॉस्फेटेज खाली, हे तिन्ही एकत्र दिसले की कोणीतरी जांभळ्या ट्यूबमधले थोडे रक्त सीरमच्या ट्यूबमध्ये ओतले आहे. रक्त कमी पडले, पुन्हा सुई टोचायला संकोच वाटला, आणि ओतले. किंवा ट्यूब भरण्याचा क्रम चुकला. क्रम ठरलेला असतो: आधी रक्त कल्चरची बाटली, मग फिकट निळी, मग सीरमची लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी राखाडी. जांभळी सीरमच्या आधी भरली, तर सुईला लागलेला अंश पुढच्या ट्यूबमध्ये जाऊ शकतो. अशा वेळी नमुना बाद करायचा आणि नव्याने रक्त घ्यायचे. डॉक्टरला मात्र तोवर अंधारात ठेवायचे नाही. आकडा संशयास्पद आहे, नवा नमुना घेत आहोत, असे फोनवर सांगायचे आणि फोनची वेळ लिहायची.

मग मी कागदावरचे आकडे बदलते. पोटॅशियम ६.४, कॅल्शियम ठीक, सीरम गुलाबी. लाल पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीस पटींहून अधिक असते. रक्त काढताना सिरिंज जोराने ओढली, किंवा सुईतून ट्यूबमध्ये दाबून सोडले, की पेशी फुटतात आणि सीरमला लाली येते. हे डोळ्यांना दिसते. तिसरा प्रकार सर्वांत फसवा: पोटॅशियम ६.४, बाकी सगळे ठीक, सीरमही स्वच्छ. कलेक्शन सेंटरवरून संध्याकाळी आलेली ट्यूब सेंट्रिफ्यूज न करता रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली गेली. थंडीत पेशीच्या भिंतीतला पंप मंदावतो आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपते, पेशी न फुटता. चांगल्या हेतूने, नमुना ‘खराब होऊ नये म्हणून’ ठेवलेला फ्रिजच इथे दगा देतो. रक्त गोठू द्यायचे, साधारण अर्धा तास, मग फिरवून सीरम वेगळे करायचे आणि ते सीरम फ्रिजमध्ये ठेवायचे.

पहिल्या उमेदवाराला दुसरा प्रकार लगेच ओळखता आला. पहिला आणि तिसरा नाही, कारण त्याच्यापर्यंत नमुने बारकोड लावून, फिरवून, तयार होऊन येत. ट्रस्टच्या रुग्णालयातल्या मुलीला तिन्ही ओळखता आले. तिसरा तिने पाहिलेलाच होता. रविवारी वॉर्डने फ्रिजमध्ये ठेवलेल्या ट्यूब सोमवारी तिच्याकडे येत आणि रजिस्टरमध्ये ‘बाद’ म्हणून लिहिताना तिला त्यातला धागा सापडला. बायोडाट्यातल्या त्या एका ओळीमागे हे होते.

साखरेचेही तिला विचारले. ट्यूबमधल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. खोलीच्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. सकाळी सातला घरी जाऊन घेतलेला उपाशीपोटीचा नमुना, खरी साखर १३०, पिशवीत फिरत फिरत अकराला सेंट्रिफ्यूजवर आला, तर आकडा १०० च्या आसपास येईल. उपाशीपोटी १२६ ही मधुमेहाची सीमा आहे. मधुमेही माणूस निरोगी ठरून घरी गेला. ‘म्हणून राखाडी ट्यूब वापरतो,’ हे उत्तर दोघांनीही दिले. पण राखाडी ट्यूबमधले फ्लोराइडही ही गळती लगेच थांबवत नाही, पहिला तास-दोन तास साखर थोडी उतरतच असते. हे फार कमी टेक्निशियनना माहीत असते, आणि न सांगितल्याबद्दल मी कोणाचे गुण कापत नाही. रक्त कधी घेतले याची वेळ ट्यूबवर लिहायची सवय आहे का, एवढे मात्र पाहते. ज्याला ती सवय आहे, त्याला असा आकडा संशयास्पद वाटतो. ज्याला नाही, त्याच्याकडे संशय घ्यायला आधारच नसतो.

कागद आणि गप्पा यांनी सगळे समजत नाही, हेही खरे. सुई टोचणारा हात हलका आहे का, ट्यूब भरल्यावर ती आठ-दहा वेळा अलगद उलटवतो की जोराने हलवतो, रुग्णाला त्याचे नाव स्वतः सांगायला लावतो की ‘तुम्हीच पाटील ना?’ म्हणतो, लेबल रुग्णासमोर लावतो की टेबलावर जाऊन, हे सगळे फक्त बघूनच कळते. म्हणून निवडीआधी अर्धा दिवस कामावर बोलवावे. त्याचे पैसे द्यावेत. अनुभवपत्रावरून आधीच्या लॅबला फोन करायचा असेल तर उमेदवाराला विचारून करावा. सध्या तिथेच नोकरीत असेल तर त्याला अडचण येऊ शकते.

मी दुसऱ्या उमेदवाराला घेतले. फाइव्ह पार्ट यंत्र ती आठवड्याभरात शिकेल. आलेख आणि दोन-दोनचा नियम समजून, अंगवळणी पडायला महिना-दोन महिने जातील, आणि तोवर कंट्रोलवर सीनियरची सही लागेल. पहिल्या मुलालाही मी नाकारले नसते, जर जागा मोठ्या विभागात, वरिष्ठांच्या हाताखाली असती. त्याची कामाची गती आणि यंत्राची सवय तिथे मोलाची आहे. आमच्याकडे रात्री एकट्याने नमुना घेऊन, बघून, बाद करण्याचे धाडस लागते. बायोडाटा नेहमी जागेच्या संदर्भात वाचावा लागतो. एका कागदाला सगळीकडे सारखेच गुण देता येत नाहीत.

टेक्निशियन मित्रमैत्रिणींना एवढेच सांगेन: यंत्रांची यादी निम्मी करा आणि वाचलेल्या जागेत तुम्ही बाद केलेल्या नमुन्यांबद्दल दोन ओळी लिहा. आणि लॅब चालवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती. आपण देतो त्या अनुभवपत्रात ‘यांनी आमच्याकडे अमुक ते अमुक काळ काम केले, वर्तणूक चांगली’ यापलीकडे काही नसते. त्यावर कोणत्या यंत्रावर, कोणत्या तपासण्यांसाठी अधिकृत केले होते, रक्त घेण्याचे काम दिले होते का, रात्रपाळी एकट्याने केली का, हे चार वाक्यांत लिहून द्या. मान्यताप्राप्त लॅबमध्ये ही नोंद फाइलमध्ये असतेच, फक्त ती उतरवून द्यायची आहे.